बोटांच्या कडांवरील फोड आणि पायांतील चिखल्या

बोटांच्या कडांवर आणि तळहातावर साबुदाण्याएवढे घट्ट, पारदर्शक फोड एकाएकी उठतात, ते दिसण्याआधीच त्या जागी खाज किंवा जळजळ सुरू झालेली असते, आणि दोनतीन आठवड्यांत फोड सुकून कातडीचे पापुद्रे निघू लागतात. या विकाराला वैद्यकात डिसहायड्रोटिक एक्झिमा किंवा पॉम्फोलिक्स म्हणतात आणि तो इसबाचाच एक प्रकार आहे. लोकांत हे फोड अंगातील उष्णतेचे मानले जातात. टिलबरी फॉक्स या इंग्रज वैद्यानेही 1873 मध्ये त्यांचे मूळ त्वचेत अडकलेल्या घामात शोधले होते. पुढे सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीत मात्र असे दिसले की फोडांतील पाणी घामाचे नसून दाहामुळे बाह्यत्वचेच्या पेशींमध्ये साचलेली लस असते, आणि घामाच्या नलिका बहुधा अबाधित असतात. तळहाताचा वरचा मृत थर जाड असल्याने ही लस लवकर फुटून वाहत नाही, म्हणून फोड खोल रुतलेले दिसतात. घाम आणि उकाडा यांनी विकार चाळवतो हे खरे असले, तरी तो घामामुळे निर्माण होतो असे त्यावरून ठरत नाही.

फोड कशामुळे उठले हे नुसत्या फोडांकडे पाहून कळत नाही, कारण निरनिराळ्या कारणांनी उठणारे फोड एकसारखेच दिसतात. ही या विकारातील मुख्य अडचण आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात ती विशेष जाणवते. उदाहरण म्हणून रावेतमध्ये राहणारा आणि चाकणच्या कारखान्यात सीएनसी यंत्रावर सुटे भाग कापणारा एक कामगार कल्पावा. त्याचे हात दिवसभर कूलंटने, म्हणजे कापताना धातू थंड ठेवणाऱ्या पाणीमिश्रित द्रवाने, ओले होतात. पाळी संपल्यावर तो ते कॉटन वेस्टने पुसतो आणि तेलकटपणा जावा म्हणून थिनरनेही धुतो. पाय आठ तास सेफ्टी शूजमध्ये कोंडलेले असतात. त्याच्या दोन्ही हातांच्या बोटांवर फोड उठले, तर किमान तीन कारणांचा विचार करावा लागतो.

पहिले कारण पायांत सापडते. बंद बुटांत घाम साचून बोटांच्या बेचक्यांत बुरशीची लागण होते आणि कातडी पांढरी, ओलसर होऊन सोलवटते. यालाच चिखल्या म्हणतात. या बुरशीविरुद्ध शरीराची जी प्रतिक्रिया उठते, ती काही जणांत दूरवर हातांवर फोडांच्या रूपाने प्रकटते. हातावरचा पापुद्रा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्यात बुरशी आढळत नाही, पायाच्या पापुद्र्यात मात्र तिचे तंतू दिसतात. म्हणून हातांची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाचे बूट-मोजे उतरवून पाय पाहणे हा तपासणीचा आवश्यक भाग ठरतो. फोड किंवा खपल्या एकाच हातावर असतील तर प्रत्यक्ष त्या हातालाच बुरशी लागल्याची शक्यता वाढते, आणि तेव्हा हाताचा पापुद्रा तपासल्याशिवाय औषध ठरवणे योग्य नव्हे.

दुसरे कारण संपर्काचे आहे. कूलंट अल्कधर्मी असते आणि त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, त्यामुळे सततच्या संपर्काने त्वचेचे संरक्षक आवरण झिजते. टाकीतील पाणी उडून गेले की मिश्रण अधिक तीव्र होते, आणि रिफ्रॅक्टोमीटरने त्याचे प्रमाण नियमित मोजले जात नसेल तर ही वाढ ध्यानात येत नाही. याखेरीज कूलंटमधील जंतुनाशके, निकेल व क्रोमियम हे धातू आणि हातमोज्यांच्या रबरातील रसायने यांची खरी ॲलर्जीही होऊ शकते. सुट्टीत हात सुधारून कामावर परतताच पुन्हा उठत असतील तर या कारणाचा संशय बळावतो. त्याची खात्री पॅच टेस्टने होते: संशयित पदार्थांचे ठरावीक प्रमाणातील नमुने पाठीवर चिकटवून 48 तास ठेवतात, ते काढल्यावर एकदा आणि पुढे एकदोन दिवसांनी पुन्हा त्वचा पाहतात, कारण ही प्रतिक्रिया उशिरा उमटते. त्या काळात पाठ भिजवून चालत नाही.

तिसरे कारण रुग्णाच्या प्रकृतीत असते. ज्यांना स्वतःला किंवा ज्यांच्या घरात दमा, ॲलर्जीची सर्दी किंवा लहानपणचे इसब आहे, त्यांची त्वचा घाम, मानसिक ताण आणि वारंवार पाण्यात हात घालणे यांनी लवकर पेटते. चैत्र-वैशाखात अशा रुग्णांचा त्रास वाढण्याचा संभव असतो. बेचक्यांसह मनगट आणि कमरेवरही रात्री अधिक खाज येत असेल व घरातील इतरांनाही ती असेल, तर ते इसब नसून खरूज असू शकते, आणि तिचे उपचार सर्वस्वी वेगळे आहेत.

कारणाचा शोध चालू असतानाच दाह शमवावा लागतो. फोड सुईने फोडू नयेत, कारण त्यातून जंतुसंसर्ग होतो. पिवळा पू, वाढती वेदना किंवा ताप आला तर तो झाल्याची खूण समजावी. लस वाहत असलेल्या अवस्थेत पोटॅशियम परमँगनेटच्या 1:10,000 द्रावणात, म्हणजे 10 लिटर पाण्यात 1 ग्रॅम या प्रमाणात, हात दहापंधरा मिनिटे बुडवतात. खडे पूर्ण विरघळलेले नसतील तर त्वचा भाजते, आणि नखांना तपकिरी डाग पडतात. त्यानंतरचे मुख्य औषध म्हणजे क्लोबेटासॉलसारखे तीव्र स्टेरॉइड मलम, जे वैद्यांच्या सल्ल्याने सामान्यतः दिवसातून दोनदा, दोन ते चार आठवडे लावून मग कमी केले जाते. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेऱ्यापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ सुमारे अर्धा ग्रॅम भरते आणि ती एका हाताच्या दोन्ही बाजूंना पुरते. या मापाने दोन्ही हातांना दिवसाला 2 ग्रॅम, म्हणजे दोन आठवड्यांना 28 ग्रॅम मलम लागते, आणि केवळ बोटे व तळहात बाधित असतील तर साधारण निम्मे.

वरील कामगाराच्या बाबतीत हातांना हे मलम आणि पायांना टर्बिनाफिनसारखे बुरशीनाशक अशी विभागणी करावी लागते. हातांचेच मलम पायांना चोळल्यास खाज तात्पुरती थांबते, परंतु बुरशी पसरते आणि तिचे नेहमीचे रूप बदलल्याने ती ओळखणे कठीण होते. स्टेरॉइड, बुरशीनाशक व प्रतिजैविक एकत्र असलेली मलमे औषधाच्या दुकानातून परस्पर आणण्याच्या प्रथेमुळे असे रुग्ण भारतात इतके वाढले की केंद्र सरकारने 2018 मध्ये 14 स्टेरॉइड मलमे चिठ्ठीविना विकता येणार नाहीत अशा औषधांच्या यादीत घातली.

चिखल्या गेल्यावर हात शांत राहिले तर पहिले कारण जवळजवळ सिद्ध होते; फोड पुन्हा उठले तर पॅच टेस्टकडे वळावे. दोन्हींतून काही न मिळताही विकार उलटत राहिला, तर टॅक्रोलिमस मलम, प्रकाशोपचार किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे यांचा विचार त्वचारोगतज्ज्ञ करतात. मात्र त्यांनीही तो कायमचा जाईल अशी हमी नसते. कातडी वरून नितळ दिसू लागली तरी तिचे संरक्षक आवरण पूर्ववत होण्यास काही महिने जातात. तेवढा काळ प्रत्येक धुण्यानंतर पेट्रोलियम जेली लावणे, थिनर टाळणे, आत सुती अस्तर असलेले हातमोजे वापरून ते आतून भिजताच बदलणे आणि मोजे रोज धुतलेले घालणे चालू ठेवावे लागते, आणि ते मध्येच सोडले गेले तर पुढच्या खेपेस औषध निष्फळ ठरले असा चुकीचा निष्कर्ष निघण्याचा धोका राहतो.