अॅम्बॅसेडर, पोनी आणि केसांचे टोप

(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



आपण बी.ए.ला विकासाचे अर्थशास्त्र शिकतो तेव्हा दोन व्याख्या पाठ करतो. आयात पर्यायीकरण म्हणजे बाहेरून येणारी वस्तू अडवायची आणि तीच देशात बनवायची. निर्यातप्रधान विकास म्हणजे जगाच्या बाजारात विकण्यासाठी बनवायचे. पुढे लिहायचे असते की भारताने पहिला मार्ग घेतला आणि मागे पडला, दक्षिण कोरियाने दुसरा घेतला आणि पुढे गेला. परीक्षेला हे चालते. पण यातून असे वाटते की भारताने दार बंद ठेवले आणि कोरियाने उघडले. तसे झाले नाही. दार दोघांनीही बंद केले होते.

मोटारगाडीचेच उदाहरण घेऊ. हिंदुस्थान मोटर्सने ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्डचा साचा घेतला आणि १९५८ च्या सुमारास अॅम्बॅसेडर बाजारात आणली. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात फियाटच्या साच्यावरची गाडी बनायची. काळीपिवळी टॅक्सी म्हणून आपल्याला ती माहीत आहे. परदेशी गाडीवर जबर कर आणि आयातीला परवाना, त्यामुळे बाहेरून स्पर्धा नव्हती. आतूनही नव्हती, कारण १९५१ च्या उद्योग कायद्याने नवा कारखाना काढायला आणि असलेला वाढवायलाही सरकारी परवाना लागे. वर्षाला किती नग बनवायचे तेही परवान्यात लिहिलेले असे. गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षे नंबर लावून बसे. अशा मालकाने गाडी सुधारायची कशासाठी? अॅम्बॅसेडर २०१४ पर्यंत बनत राहिली आणि तिचा चेहरामोहरा शेवटपर्यंत ओळखीचाच राहिला.

आता कोरिया. ह्युंदाईची मोटार कंपनी १९६७ मध्ये निघाली. सुरुवातीला ती फोर्डच्या गाडीचे सुटे भाग आणून जोडत असे. १९७५ च्या अखेरीस तिने स्वतःची पोनी बनवायला घेतली. आराखडा इटलीच्या माणसाचा, इंजिनाचे तंत्र जपानच्या मित्सुबिशीचे. परदेशी गाड्यांना कोरियात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत जवळपास बंदी होती. म्हणजे संरक्षण आपल्याइतकेच कडक. पण १९७६ मध्येच पोनी एक्वाडोरला रवाना झाली. बाहेर ती तोट्यात विकली जाई, आणि तो तोटा देशातल्या गिऱ्हाइकाला महाग विकून भरून काढला जाई. दहा वर्षांनी, १९८६ मध्ये, ह्युंदाईची पुढची गाडी अमेरिकेत विकली जाऊ लागली.

तोटा सोसून बाहेर विकायला मालक तयार का झाला? कारण कर्जाची चावी सरकारच्या हातात होती. १९६१ मध्ये पार्क चुंग-ही लष्करी बंड करून सत्तेवर आला आणि त्याने बँका ताब्यात घेतल्या. १९६५ नंतर बँकेच्या साध्या कर्जाचा व्याजदर वर्षाला २६ टक्क्यांच्या घरात होता, निर्यातीसाठीच्या कर्जाचा साडेसहाच्या आसपास. परदेशी खरेदीदाराच्या बँकेचे लेटर ऑफ क्रेडिट दाखवले की हे स्वस्त कर्ज मिळे. एक लाखाच्या कर्जावर २६ हजार व्याज भरायचे की साडेसहा हजार, हे ठरवायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. दर महिन्याला राष्ट्राध्यक्षांसमोर निर्यातीच्या आकड्यांची बैठक होई. १९६४ मध्ये देशाची निर्यात दहा कोटी डॉलर होती, १९७१ पर्यंत शंभर कोटी आणि १९७७ मध्ये हजार कोटी.

सवलत दोन्हीकडे होती. कोरियात तिच्यासोबत परीक्षा होती, आणि परीक्षक होता परदेशी गिऱ्हाईक, ज्याला मंत्रालयातून फोन करता येत नाही. आपल्याकडे परवाना हीच कमाई होती. १९६७ चा हजारी अहवाल आणि १९६९ ची दत्त समिती, दोघांनीही दाखवले की मोठी घराणी परवाने आधी अडवून ठेवत, म्हणजे दुसऱ्याला शिरकावच नको. ही घराणी बहुतेक कोणत्या व्यापारी जातींची होती हे इथे सांगायला नको. भांडवल आणि दिल्लीत ओळख ज्याच्याकडे, परवानाही त्याच्याकडे.

बाबासाहेबांनी १९१८ मध्ये लहान शेतजमिनींवर जो निबंध लिहिला, त्यातली एक कसोटी मला इथे फार उपयोगी वाटते. शेतीवर फुकट खोळंबलेली माणसे उद्योगात गेली पाहिजेत, हा त्यांचा मुद्दा होता. या कसोटीवर पाहा. १९६३ मध्ये कोरियात शंभरातले सुमारे ६३ कामकरी शेतीत होते, १९८० मध्ये ३४ उरले. भारतात १९५१ मध्ये सत्तरच्या आसपास होते आणि १९९१ मध्येही जवळपास दोन तृतीयांश शेतीतच. आपण यंत्रे बनवणारी यंत्रे उभारली. त्यातून सार्वजनिक उद्योग आले, त्यांत राखीव जागा आल्या आणि आपल्यातल्या कित्येक घरांतला पहिला पगार तिथून आला. तो मोठा होता, पण माणसे थोडी होती.

कोरियाला हे जमले त्यामागे आधीची दोन कामे होती. १९५० च्या कायद्याने एका कुटुंबाकडे साधारण तीन हेक्टरच्या वर शेतजमीन ठेवू दिली नाही, आणि जमीनदार वर्गाचा कणा मोडला. १९६० पर्यंत जवळजवळ प्रत्येक मूल प्राथमिक शाळेत पोहोचले. आपल्याकडे १९६१ च्या जनगणनेत साक्षरता २८ टक्के. शिवाय अमेरिकेची मदत आणि तिची खुली बाजारपेठ होती. ती नशिबाची बाजू कुणाला नक्कल करता येत नाही.

पण गाडीच्या आधी कोरियाने काय विकले? कापड, प्लायवूड आणि केसांचे टोप. १९७० च्या सुमारास टोप हा त्यांच्या मोठ्या निर्यातींपैकी एक होता. ते विणणाऱ्या बहुतेक खेड्यातून आलेल्या तरुण मुली. वायएच नावाच्या टोपांच्या कंपनीत एकेकाळी हजारो कामगार होते. १९७९ मध्ये मालकांनी कारखाना बंद करायचे जाहीर केले, तेव्हा तिथल्या कामगार स्त्रिया सोलमध्ये विरोधी पक्षाच्या कार्यालयात जाऊन बसल्या. ११ ऑगस्टला पोलीस आत घुसले आणि किम क्योंग-सुक ही तरुण कामगार मरण पावली. त्यातून पेटलेल्या राजकारणात विरोधी पक्षनेत्याला संसदेतून काढले गेले, बुसान आणि मासानमध्ये लोक रस्त्यावर आले, आणि २६ ऑक्टोबरला पार्कचा त्याच्याच गुप्तचर प्रमुखाने खून केला. निर्यातीच्या आलेखाच्या पोटात हे आहे. मालकाला शिस्त लावणाऱ्या राज्याने कामगाराला मोकळेपणी संघटना मात्र करू दिली नाही. म्हणून ‘कोरियासारखे करा’ असे कुणी म्हटले की मी विचारते, नक्की कोणता भाग?

हा प्रश्न आज जिवंत आहे. २०२० पासून मोबाइल बनवणाऱ्या कंपन्यांना उत्पादनाशी जोडलेले अनुदान मिळू लागले: वाढीव विक्रीच्या चार ते सहा टक्के, ठरावीक वर्षांसाठी. म्हणजे सवलतीला अट आणि मुदत होती; अॅम्बॅसेडरच्या काळापेक्षा हे वेगळे होते. पण अनुदान मोजले गेले ते विक्रीवर. कामाला किती जण लागले, कायम की कंत्राटी, ती माणसे कुठून आली, यावर नाही. आपल्यापैकी ज्यांना संशोधनाला विषय हवा आहे त्यांनी या योजनेचे नियम आणि एखाद्या कारखान्याबाहेरची कामगारांची वसतिगृहे, दोन्ही वाचून काढावीत. आता तुमचे प्रश्न घेऊ.