पैसा होता, पण हाताशी नव्हता

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मंडळाने मला घरखर्चावर चार शब्द बोलावयास सांगितले तेव्हा प्रथम मला संकोचच वाटला. मी काही अर्थशास्त्र शिकलेली नाही. पण माझ्या धाकट्या जाऊबाईंच्या घरी जे घडले ते मी जवळून पाहिले आहे, आणि त्यांनीच मला सांगितले, "ताई, माझी फजिती सांगा खुशाल. कोणाच्या तरी उपयोगी पडेल." तेव्हा त्यांच्याच परवानगीने ही गोष्ट सांगते.

माझे दीर ओगलेवाडीत विहिरीवरच्या मोटारींचे वाइंडिंग करतात. जळालेली मोटार उघडायची, जुनी तार काढायची, नवी तांब्याची तार भरायची. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत दुकानात पाय ठेवायला जागा नसते, आणि एकदा पाऊस लागला की माणूस माशा मारीत बसतो. वर्षाची सरासरी काढली तर महिन्याला बत्तीस हजारांच्या आसपास पडतात. जाऊबाई शिवणकाम करतात, त्याचे चार-पाच हजार. दोन मुले, आणि सासरे त्यांच्याकडेच असतात. संसार नेटका. उधळपट्टी म्हणून नाही. तीन लाखांची मुदत ठेव होती, बचत खात्यावर अडतीस हजार, आणि डाळीच्या डब्यात जाऊबाईंचे स्वतःचे बारा हजार. शिवाय पाच हजारांची भिशी. आपल्यापैकी पुष्कळजणींच्या घरी याहून फार वेगळे चित्र असेल असे मला वाटत नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये एका रात्री दिरांच्या छातीत दुखू लागले. शेजाऱ्यांच्या गाडीने जे रुग्णालय आधी लागले तिथे नेले. हृदयाची रक्तवाहिनी बंद झाली होती. उपचार उत्तम झाले, ते मी आधीच सांगून टाकते. डॉक्टरांविषयी आमची काही तक्रार नाही. पाच दिवसांचे बिल दोन लाख बासष्ट हजार झाले, आणि त्यातला मोठा भाग पहिल्या दोन दिवसांतच भरावा लागला.

आता गंमत पाहा. गंमत म्हणवत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही. घरात साडेतीन लाख रुपये होते आणि जाऊबाईंच्या हाताला लागले फक्त डब्यातले बारा हजार! ठेव दिरांच्या एकट्याच्या नावावर. बचत खातेही त्यांच्याच एकट्याच्या नावावर. भिशीचा नंबर मार्चमध्ये. सकाळी बँकेत गेल्या तर उत्तर मिळाले, "खातेदारांना घेऊन या." खातेदार अतिदक्षता विभागात! खात्याला वारस म्हणून जाऊबाईंचे नाव लावलेले होते, पण ते नाव नवऱ्याच्या पश्चात कामाला येते. नवरा जिवंत असताना त्याचा काही उपयोग नसतो. हे त्यांना त्या दिवशी कळले, आणि खरे सांगायचे तर मलाही.

एक गोष्ट मात्र आम्हांला फार उशिरा समजली. खातेदार आजारपणामुळे सही करू शकत नसेल तर पैसे काढण्यासाठी त्याचा अंगठा चालतो. रिझर्व्ह बँकेच्या बँकांना तशा सूचना आहेत. दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. दीर दुसऱ्या दिवशी शुद्धीवर होते. आम्ही बँकेत जाऊन तेवढे ठामपणे म्हटले असते तर पुढची निम्मी गोष्ट घडलीच नसती.

पण ती घडली. भावाने पन्नास हजार दिले. पाटल्या आणि गोफ गहाण टाकून एक लाख वीस हजार आणले, दर शेकडा दोन रुपये महिना. उरलेले ऐंशी हजार एका ओळखीच्या माणसाकडून शेकडा तीन रुपयांनी. महिन्याचे दोन-तीन रुपये ऐकायला किरकोळ वाटतात, पण वर्षाचे म्हटले तर ते चोवीस आणि छत्तीस टक्के झाले. परवान्याशिवाय अशी सावकारी करणे २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे, परंतु रुग्णालयाच्या दारात उभे असताना कायदा कोणाला आठवतो?

दीर घरी आले. दुकान अडीच महिने बंद, बचत खात्यातले अडतीस हजार त्यातच संपले. आणि इथेच त्या दोघांची खरी चूक झाली. दीर आता सही करू शकत होते, तरी ठेव मोडावयाची नाही असे दोघांनी ठरविले. "मुलीच्या शिक्षणाचे पैसे आहेत, जूनमध्ये मुदत भरते, आता मोडली तर व्याज बुडेल." बोलणे किती शहाणपणाचे वाटते! मीसुद्धा मान डोलावली होती.

जानेवारीत संक्रांतीच्या वाणाला त्या आमच्याकडे आल्या तेव्हा बोलता बोलता डोळ्यांत पाणी आले. म्हणाल्या, "ताई, महिन्याला अठ्ठेचाळीसशे नुसते व्याज जाते, मुद्दल जागचे हलत नाही." मग आम्ही दोघी कागद घेऊन बसलो. एक लाख वीस हजारांचे शेकडा दोनने चोवीसशे. ऐंशी हजारांचे शेकडा तीनने चोवीसशे. एकूण अठ्ठेचाळीसशे. उलट ठेव साडेपाच टक्क्यांची, म्हणजे महिन्याला मिळणार तेराशे पंचाहत्तर. तेराशे पंचाहत्तर वाचावेत म्हणून अठ्ठेचाळीसशे भरणे चालले होते, आणि असे पाच महिने झाले होते. चोवीस हजार रुपये गेले होते.

बँकेत विचारले. मुदतीआधी ठेव मोडली तर व्याजाचा दर एका टक्क्याने कमी धरणार. ठेवीला एकतीस महिने झाले होते, म्हणजे तीन लाखांवर सुमारे पावणेआठ हजार कापले जाणार. पुढच्या पाच महिन्यांचे न मिळणारे व्याज सुमारे सात हजार. दोन्ही मिळून पंधरा हजारांच्या आत. आणि ठेव तशीच ठेवून जूनपर्यंत थांबले तर सावकारी व्याज आणखी चोवीस हजार. ठेव त्याच आठवड्यात मोडली. दागिने सुटले, दोन्ही कर्जे फिटली, भावाचे पन्नास हजार परत केले. हातात उरले बेचाळीस हजार दोनशे पन्नास. पंधरा वर्षांच्या संसाराची शिल्लक!

यानंतर त्या दोघांनी जे केले ते मला विशेष सांगावयाचे आहे. साधी दोनशे पानी वही घातली. माझा समज होता की वहीत चहा, हॉटेल, साड्या असले काही निघेल. तसे काही निघाले नाही. निघाली ती दुकानाची उधारी, शेहेचाळीस हजार रुपये. शेतकरी मोटार घेऊन जातो आणि म्हणतो, उसाचे बिल आले की देतो. त्याचेही खोटे नसते. पण तांब्याची तार दिरांना रोखीने आणावी लागते. म्हणजे लोकांच्या मोटारींत यांची शिल्लक अडकलेली! तेव्हापासून त्यांनी नियम केला की मोटार उघडताना तारेचे पैसे आधी, मजुरी मागाहून. दोन-चार गिऱ्हाइके तुटली. बाकीची कुरकुर करीत का होईना, देऊ लागली.

दुसरे, दुकानाचे खाते घरापासून वेगळे केले आणि घराला महिन्याला ठराविक चोवीस हजार यायचे असे ठरविले, मग मे असो वा ऑगस्ट. पूर्वी मे महिन्यात घरात पैसा दिसायचा म्हणून काही ना काही खरेदी व्हायची आणि ऑगस्टमध्ये किराणा उधार यायचा. आता उन्हाळ्यातला जास्तीचा पैसा दुकानाच्या खात्यातच राहतो आणि पावसाळ्यात घरी येतो. पहिला पावसाळा जड गेला, हे जाऊबाई लपवीत नाहीत.

तिसरे म्हणजे खाती. किराणा, वीज, गॅस, फी आणि दिरांची औषधे धरून घराचा अगदी नडीचा खर्च एकवीस हजार निघाला. त्याच्या तिप्पट, म्हणजे त्रेसष्ट हजार, दोघांच्या नावच्या बचत खात्यात ठेवावयाचे. खाते "दोघांपैकी कोणीही" या अटीचे, म्हणजे एकाची सही पुरते. तेवढे जमायला सव्वा वर्ष लागले. त्यावरचे पैसे ठेवीत, पण एकच मोठी ठेव नाही. पंचवीस-पंचवीस हजारांच्या वेगवेगळ्या, दर चार महिन्यांनी एकीची मुदत भरेल अशा. याचे कारण नीट ध्यानात घ्यावे. ठेव दोघांच्या नावावर असली आणि तीच अट घातली, तरी मुदतीआधी मोडताना बँक दोघांच्याही सह्या मागू शकते. मुदत भरल्यावर एकाची चालते. म्हणून नडीचा पैसा ठेवीत न ठेवता बचत खात्यातच हवा. व्याज थोडे कमी मिळते, मिळू द्या.

आणखी एक, जाता जाता. बँकेतल्या ठेवीला २०२० पासून प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. पतसंस्था एक टक्का जास्त देते तेव्हा हा फरक मनात असावा, एवढेच माझे म्हणणे.

शेवटी शिधापत्रिकेविषयी. ज्या रात्री दिरांना नेले तेव्हा घरात केशरी शिधापत्रिका होती आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत त्यांच्यावरचे उपचार बसत होते. त्या वेळी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती. पण ते रुग्णालय योजनेत नव्हते आणि आम्ही कोणी विचारलेच नाही. मागाहून चौकशी केली तर समजले की एकदा भरलेले बिल या योजनेतून परत मिळत नाही. दाखल होतानाच योजनेत नोंद व्हावी लागते. २०२४ पासून मर्यादा पाच लाखांची झाली असून पांढरी शिधापत्रिकावालेही आत आले आहेत. मात्र कागद जुळले पाहिजेत. जाऊबाईंनी पत्रिका काढून पाहिली तर धाकट्या मुलाचे नाव त्यावर नव्हतेच, आणि दिरांचे नाव आधारवर एक आणि पत्रिकेवर दुसरे! तहसील कचेरीत चार खेपा घालून ते दुरुस्त करून घेतले.

२०२५ च्या पावसाळ्यात आमचे सासरे अंगणात घसरले आणि खुब्याचे हाड मोडले. या वेळी गाडीत बसण्यापूर्वी जाऊबाईंनी योजनेतले रुग्णालय कोणते ते फोनवर विचारले, आणि आत गेल्यावर प्रथम आरोग्यमित्राचे टेबल गाठले. शस्त्रक्रिया योजनेत झाली. बाहेरून आणलेल्या वस्तू, येणे-जाणे, सोबतच्या माणसांचे जेवण आणि पुढे घरी लागलेला वॉकर मिळून अकरा हजार चारशे रुपये लागले. ते जाऊबाईंनी स्वतःच्या सहीने काढले. त्या रात्री त्या मला म्हणाल्या, "ताई, या वेळी मी मामंजींजवळ बसले होते. गेल्या वेळी ह्यांच्याजवळ बसायला मला वेळच मिळाला नव्हता."