तळातलं खोकं किती सोसतं?

मी कोल्हापूरजवळ पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात माल तपासणीचं काम करते. आज बोलायचंय ते परदेशी माल पाठवताना खोकं कसं मागवायचं याबद्दल. एका गटाचीच गोष्ट सांगते. नाव सांगत नाही, पण त्यांच्या परवानगीनं बोलतेय.

हा गट गुळाची पावडर करतो. अर्ध्या किलोची पाकिटं, एका खोक्यात तीस. म्हणजे पंधरा किलो माल, आणि खोक्यासकट सोळा किलो. गेल्या पावसाळ्यात त्यांचा पहिला माल न्हावाशेवा बंदरातून दुबईला गेला. तिकडून फोटो आले ते बघून अध्यक्षताईंना रडूच आलं. खालच्या थरातली खोकी पोट सुटल्यासारखी फुगलेली, कोपरे मुडपलेले, पाकिटांच्या शिवणी सुटलेल्या आणि पावडरीचे दगड झालेले. गिऱ्हाइकानं पैसे कापले. गटात सगळ्यांचं एकच मत, हमालांनी आपटली.

ताई ते फोटो घेऊन माझ्याकडे आल्या. मी विचारलं, "वरचे थर कसे आहेत?" त्या म्हणाल्या, "वरची दोन रांग अगदी कोरी करकरीत." मग मी म्हटलं, हमालांना बोल लावू नका. आपटलेलं खोकं कुठल्याही थरात सापडतं, आणि त्याचा एखादाच कोपरा चेपतो किंवा कुठंतरी भोक पडतं. इथं वरची चांगली, खाली खाली जावं तशी वाईट, आणि चारी बाजू बाहेर आलेल्या. हे वजनानं झालंय. खोकं दमलं आणि बसलं.

"अहो, पण आम्ही चांगलं खोकं घेतलं होतं," ताई म्हणाल्या. त्यांच्याकडे कागद होता. त्यावर लिहिलं होतं तीन प्लाय, इतका जीएसएम, इतका बीएफ. आपल्याकडे खोकं असंच विकलं जातं. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ग्रॅममध्ये. बीएफ म्हणजे बर्स्ट फॅक्टर, कागद फाडायला किती जोर लागतो त्याचा आकडा. आतून टोकदार वस्तू टोचली, गोणीसारखं खोकं फेकलं, तर फाटेल का, हे बीएफवरून कळतं. पण डोक्यावर सात खोकी ठेवली तर उभं राहील का, हे त्यावरून कळत नाही. साडीचा कपडा फाटत नाही म्हणून तो उभा राहतो का? तसंच हे.

उभं राहण्याची ताकद मोजायची चाचणी वेगळी आहे. तिला एज क्रश टेस्ट म्हणतात, आमच्याकडे सगळे ईसीटी म्हणतात. पुठ्ठ्याचा दहा सेंटिमीटर लांब आणि अडीच सेंटिमीटर उंच तुकडा कापायचा. आतली नागमोडी पन्हळ, जिला फ्लूट म्हणतात, ती उभी राहिली पाहिजे, घराच्या खांबांसारखी. हा तुकडा दोन लोखंडी पाट्यांमध्ये उभा धरून मशीननं दाबायचा आणि किती किलोला मोडतो ते बघायचं. ताईंचं उरलेलं खोकं मी कापून लावलं. चाळीस किलोला मोडलं. दहा सेंटिमीटरला चाळीस, म्हणजे सेंटिमीटरला 4 किलो. हा त्याचा ईसीटी.

आता तुकड्यावरून अख्ख्या खोक्याचा अंदाज कसा करायचा? त्यासाठी अमेरिकेत 1963 साली मॅकी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक सूत्र मांडलं, ते आजही चालतं. खोक्याचा घेर आणि पुठ्ठ्याची जाडी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये, यांचा गुणाकार करायचा आणि त्याचं वर्गमूळ काढायचं. त्याला ईसीटीनं गुणायचं, आणि मग 5.87 नं. ताईंचं खोकं 40 लांब, 30 रुंद, 25 उंच. घेर झाला 140. जाडी 3 मिलिमीटर, म्हणजे 0.3. गुणाकार 42, वर्गमूळ साधारण साडेसहा. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर पुढचं करा, उत्तर येतं 152 किलो. म्हणजे रिकामं, बंद केलेलं, नवं कोरडं खोकं मशीनखाली ठेवलं तर सुमारे 152 किलोला बसेल. (हाताला धरायची भोकं पाडली असतील तर त्याहून कमी. सूत्राला भोकं दिसत नाहीत.)

कंटेनरमध्ये एकावर एक आठ खोकी लावली होती. तळातल्या खोक्यावर सात. सात गुणिले सोळा, 112 किलो. ताईंनी लगेच माझ्याकडे बघितलं. "मग 152 आहे की! 112 च पडलंय." हाच हिशेब खोकं घेताना त्यांच्या पुरवठादारानंही सांगितला होता. हिशेबात चूक नाही, पण तो मशीनखालच्या दोन मिनिटांचा हिशेब आहे. कंटेनर म्हणजे दोन मिनिटं नव्हेत.

पहिलं, दिवस. पुठ्ठा वजनाखाली हळूहळू थकतो. आपण घागर डोक्यावर घेऊन विहिरीपासून घरापर्यंत येतो, पण तीच घागर घेऊन दिवसभर उभं राहा म्हटलं तर? गोदाम, बंदर, जहाज, पलीकडचं गोदाम मिळून महिनाभर खोकं वजन घेऊन उभं असेल, तर ताकद साधारण 60 टक्के धरतात. 152 चे झाले 91.

दुसरं, दमट हवा, आणि हीच सगळ्यात मोठी चोर. कागद हवेतलं पाणी ओढतो. प्रयोगशाळेत खोकं ठरावीक कोरड्या हवेत ठेवून मगच तपासतात. पावसाळ्यातल्या बंदरावर हवेतली आर्द्रता 90 टक्क्यांपर्यंत जाते, आणि तिथं खोक्याची ताकद निम्म्याहूनही थोडी कमी राहते, 48 टक्के धरतात. 91 चे झाले 44. शिवाय रात्री कंटेनरचा पत्रा गार पडला की आतल्या हवेतली वाफ छताला लागून थेंब पडतात. ते वेगळंच.

तिसरं, रचना. खोक्याचा बहुतेक भार त्याचे चार उभे कोपरे घेतात, मधल्या बाजू फारसा घेत नाहीत. म्हणून वरच्याचा कोपरा खालच्याच्या कोपऱ्यावर बरोबर यायला हवा. एकावर एक सरळ लावलं तरी हातानं लावताना बोट दोन बोटं इकडेतिकडे होतंच, त्यासाठी 15 टक्के सोडायचे. 44 चे राहिले 37.

सदतीस किलो! त्यावर दोनच खोकी बसतात, बत्तीस किलोची. ताईंच्या खोक्यांवर सात होती. मी फोटो परत दाखवला. वरची दोन रांग कोरी, असं त्याच म्हणाल्या होत्या.

इथं ताईंनी एक गोष्ट सांगितली ती ऐकून मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. गोदामात ढीग पडू नये म्हणून त्यांनी खोकी विटांच्या भिंतीसारखी सांधेमोड करून लावली होती, एक उभं एक आडवं. ढीग हलत नाही हे खरं. पण मग वरच्याचा कोपरा खालच्याच्या मधल्या मऊ भागावर येतो, आणि ताकद जवळजवळ निम्मी जाते. म्हणजे जहाजावर चढण्याआधीच ही खोकी अर्धी थकलेली होती. सरळ एकावर एक लावा आणि हलू नये म्हणून पट्टा किंवा प्लास्टिकची फिल्म गुंडाळा. पॅलेटवर ठेवलीत तर खोकं पॅलेटच्या कडेबाहेर येऊ देऊ नका. कोपरा हवेत लोंबला की त्याचा उपयोग संपला.

आता हिशेब उलटा करू. तळाला 112 किलो महिनाभर दमट हवेत सोसायचे आहेत. 60 टक्के, 48 टक्के, 85 टक्के यांचा गुणाकार येतो 0.245, जवळपास पाव. 112 ला त्यानं भागलं की 457. म्हणजे मशीनखाली 460 किलो घेणारं खोकं हवं. तीन प्लायमध्ये ते होणं कठीण. पाच प्लायची जाडी साधारण साडेसहा मिलिमीटर मिळते. त्याच सूत्रानं बघितलं तर ईसीटी सव्वाआठ लागतो. थोडी सवड ठेवून साडेआठ मागायचा.

गटाच्या खजिनदार काकूंना हे पटेना. खोक्याचा दर बराच वाढत होता. त्यांचा प्रश्न रास्त होता, "दुसरा काही मार्ग आहे का?" आहे. आठऐवजी सहा थर लावले तर तळावर पाचच खोकी, 80 किलो, आणि मग ईसीटी सहाचं पाच प्लायही चालतं. पण कंटेनरची वरची जागा मोकळी जाते आणि भाडं तेवढंच. काचेच्या बरण्या असत्या तर त्या स्वतःच भार घेतात, मग खोकं हलकं चाललं असतं. पाकिटं भार घेत नाहीत, ती फुटतात. काकूंनी दोन्ही हिशेब वहीत मांडले आणि शेवटी आठ थर, जड खोकं हेच ठरलं.

मागणीपत्रावर त्यांनी प्लाय आणि जीएसएमच्या जोडीला हे लिहिलं: पन्हळ उभी. ईसीटी सेंटिमीटरला किमान 8.5 किलो. रिकाम्या बंद खोक्याची दाबाची ताकद किमान 460 किलो. गोंद पाण्याला टिकणारा. तपासणीचा अहवाल मालासोबत. पुरवठादारावर विश्वास बसत नसेल तर मुंबईच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगसारख्या ठिकाणी नमुने देऊन ही चाचणी करून घेता येते. नमुने आलेल्या गठ्ठ्यातून आपणच निवडायचे, त्यांनी हातात दिलेले नव्हेत.

घरच्या घरी काय बघाल? खोक्याची झडप उघडून कडेला पन्हळ दिसते, ती गोल हवी. छपाईच्या रुळाखाली दाबून चपटी झाली असेल तर जाडी गेली, आणि जाडी गेली की ताकद गेली. सुताराकडच्या व्हर्नियरनं जाडी मोजा, प्रत्येक गठ्ठ्यातली दोनतीन. रिकामं खोकं टेपनं बंद करून त्यावर फळी आणि सिमेंटची तीन पोती रात्रभर ठेवून बघा. दीडशे किलोला सकाळपर्यंत वाकलं तर ते नापास. उभं राहिलं तर मात्र पास म्हणू नका, कारण दीडशे आणि साडेचारशेत फार अंतर आहे.

नवीन खोक्यांची पहिली खेप आली तेव्हा ताईंनी पाच खोकी माझ्याकडे पाठवली. चार 470 च्या वर गेली, एक 425 ला बसलं. त्याच्या एका बाजूला गोंद नीट लागलेला नव्हता, नखानं कागद सुटत होता. त्यांनी तो गठ्ठा परत केला आणि बाकीचा ठेवून घेतला. माल आता गोदामात आहे, जमिनीवर नाही, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर आणि सहा थरांत. कंटेनरमध्ये आठ लागतील तेव्हा लागतील, तोवर गोदामातच त्यांना दमवायचं नाही, असं काकू म्हणाल्या.