तारणाचा एक दागिना, तीन वेळा वजन : गोल्ड लोनचं ऑडिट कसं होतं

(भागाचं लिखित रूप)

आजचा विषय गोल्ड लोनचं ऑडिट. लातूर-नांदेडकडे जूनमध्ये दोन खर्च एकदम येतात, सोयाबीनचं बियाणं आणि पोरांच्या क्लासची फी. मग घरातली बोरमाळ नाहीतर पाटल्या तारण जातात. त्या परत येईपर्यंत आत काय होतं, ते तपासणं म्हणजे हे ऑडिट. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, ऑडिट टीमसाठी डेटा काढणं हे माझं काम. त्यामुळे आज त्याच बाजूनं बोलतो.

आधी एक जाहीर प्रकरण. ४ मार्च २०२४ ला रिझर्व्ह बँकेनं मुंबईच्या आयआयएफएल फायनान्सला नवीन सोने तारण कर्ज द्यायला बंदी केली. तपासणीत जे सापडलं त्यात पहिला मुद्दा असा होता की, कर्ज देताना आणि थकल्यावर लिलाव करताना, दोन्ही वेळी सोन्याची शुद्धता आणि निव्वळ वजन ठरवण्यात गंभीर तफावती होत्या. लिलावाची ठरलेली पद्धत पाळली नाही, हाही मुद्दा होता. दुरुस्त्या झाल्यावर १९ सप्टेंबर २०२४ ला बंदी उठली. यातला ‘दोन्ही वेळी’ हा शब्द धरून ठेवा, कारण सगळं ऑडिट त्यावरच उभं आहे.

म्हणजे बघा, एका दागिन्याची नोंद तीन ठिकाणी होते. तारण ठेवताना, स्ट्राँगरूममध्ये असताना आणि लिलावाला काढताना. दागिना तोच, म्हणून तिन्ही नोंदी जुळायला पाहिजेत. जुळल्या नाहीत तर कारण लिहिलेलं पाहिजे.

पहिली नोंद, तारण ठेवताना. व्हॅल्युअर दगडावर कस लावतो, तेजाब टाकून रंग बघतो. यात कळतो फक्त वरचा थर. एक्सआरएफ मशीनचंही तेच, तेही पृष्ठभागच वाचतं. आत चांदी किंवा तांबं आणि वर सोन्याचा जाड पत्रा असेल तर दोन्ही परीक्षा पास होतात. त्यासाठी पाण्यातलं वजन घेतात. २२ कॅरेट सोन्याची घनता साधारण १७.७ असते. म्हणजे २० ग्रॅमची भरीव पाटली पाण्यात बुडवून तोलली तर वजन सव्वा ग्रॅमच्या आतच कमी भरायला हवं. दोन ग्रॅमनं कमी भरलं तर आत दुसरंच काहीतरी आहे.

पण आपल्याकडची अडचण वेगळी आहे. बोरमाळेचे मणी पोकळ असतात आणि आत लाख भरलेली असते. तिथं पाण्याची युक्ती चालत नाही, लाख हलकी असल्यानं खरं सोनंही खोटं वाटतं. ठुशीला दोरा, मंगळसूत्राला काळे मणी. म्हणून एकूण वजनातून वजावट करून निव्वळ वजन काढतात, आणि ही वजावट बरीचशी व्हॅल्युअरच्या अंदाजावर असते. गडबड इथंच शिरते. लाख सात ग्रॅमच्या जागी तीन ग्रॅम लिहिली की चार ग्रॅम सोनं कागदावर तयार झालं.

हे डेटात दिसतं कसं? एकाच शाखेच्या बोरमाळा वेगळ्या काढायच्या आणि प्रत्येक व्हॅल्युअरनं किती टक्के वजावट केली ते बघायचं. हातानं केलेल्या दागिन्यात ती कमीजास्त होणारच. एखाद्याची प्रत्येक बोरमाळ ठरावीक टक्क्यावर आणि प्रत्येक दागिना २२ कॅरेट असेल, तर त्यानं तपासलेलंच नाही असं धरून ती पाकिटं दुसऱ्या व्हॅल्युअरकडून उघडून बघतात. ज्यानं पहिल्यांदा तोललं, त्यालाच पुन्हा तोलायला लावणं हे ऑडिट नव्हे.

दुसरी नोंद, सांभाळ. पाकीट कर्जदारासमोर सील होतं, त्यावर नंबर असतो, आणि स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या दोन माणसांकडे असतात. ऑडिटर न सांगता जातो आणि पाकिटांची यादी त्याच सकाळी काढतो. सील न तोडता पाकीट तोलून नोंदीशी ताडतो. पण वजन जुळलं म्हणजे माल तोच, असं नाही. त्या वजनाची नकली वस्तूही आत ठेवता येते. म्हणून काही पाकिटं दोन्ही किल्लीवाल्यांसमोर उघडायची, नग मोजायचे, तारणाच्या दिवशीचा फोटो शेजारी धरायचा. मी सगळ्यात आधी सीलच्या नंबरांचा इतिहास बघतो. थोडं सोनं सोडवून नेलं, मागच्या ऑडिटनं उघडलं, अशा कारणानं सील बदलतं, पण प्रत्येक वेळी रजिस्टरला तारीख आणि दोन सह्या असतात. सील नवीन आणि रजिस्टर कोरं असेल, तर ते पाकीट मध्ये कुठंतरी फिरून आलेलं असू शकतं. कर्मचाऱ्यानं तेच सोनं दुसरीकडे गहाण टाकायचं, हा प्रकार असाच होतो.

तिसरी नोंद, लिलाव. इथं कर्जदाराचं थेट नुकसान होतं, म्हणून एक उदाहरण करू. आकडे सोपे धरलेत आणि लिलावाचा खर्च बाजूला ठेवलाय. बोरमाळेत निव्वळ २५ ग्रॅम, २० कॅरेट. २२ कॅरेटच्या हिशोबात ते २५ × २० ÷ २२, म्हणजे २२.७३ ग्रॅम. भाव ग्रॅमला ९,००० धरला तर किंमत सुमारे २,०४,५०० रुपये. ६ जून २०२५ च्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे पहिल्या लिलावात राखीव किंमत चालू किमतीच्या ९० टक्क्यांपेक्षा कमी ठेवता येत नाही, म्हणजे १,८४,००० च्या आसपास. थकबाकी १,६०,००० असेल तर त्या घराला २४,००० परत मिळायला पाहिजेत.

आता लिलावाआधीच्या तपासणीत कुणी लिहिलं २३ ग्रॅम, १८ कॅरेट. किंमत झाली १,६९,४०० आणि राखीव किंमत १,५२,४००. तेवढ्याला माल गेला तर कर्ज फिटत नाही, उलट ७,६०० बाकी निघते. म्हणजे २४ हजार मिळायच्या जागी घरी वसुलीची नोटीस. कागदावर सगळं बरोबर, ९० टक्केही पाळलेले. फरक गेला खरेदीदाराच्या खिशात.

म्हणून लिलावाची नोंद एकटी कधी तपासायची नाही, तारणाच्या नोंदीशेजारी ठेवायची. प्रामाणिक चुका दोन्ही बाजूंना जातात, काही दागिने थोडे वाढतात, काही घटतात. सगळेच घटले आणि घटलेला माल त्याच त्या खरेदीदाराकडे गेला, तर ती चूक नाही. शिवाय कर्जदाराला नोटीस मिळाल्याचा पुरावा बघतात, आणि दोन वर्तमानपत्रांतली जाहिरात, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. पहिला लिलाव त्याच जिल्ह्यात व्हायला हवा, कारण देगलूरचा माणूस नांदेडला येऊ शकतो, मुंबईला नाही. कर्ज देणाऱ्या संस्थेला स्वतः बोली लावता येत नाही. वरचे पैसे सात कामकाजाच्या दिवसांत परत करायचे असतात.

हे निर्देश लागू करायला संस्थांना १ एप्रिल २०२६ पर्यंतची मुदत होती. त्यात कर्जदाराच्या उपयोगाची एक गोष्ट आहे. तपासणी त्याच्यासमोर व्हायला हवी, आणि एकूण वजन, निव्वळ वजन, कॅरेट, वजावट आणि दागिन्याचा फोटो असलेलं प्रमाणपत्र त्याला मिळायला हवं. ते कपाटात जपून ठेवा. तिन्ही नोंदी संस्थेच्याच ताब्यात असतात, तुमच्या हातात असलेली ही एकच.