निरोप एकाचा, गेला दुसऱ्याला

लग्न जुळवणाऱ्या ॲपवर ओळख झालेल्या दोन मुलांशी एक तरुणी व्हॉट्सॲपवर बोलते आहे. ‘रविवारी तुमच्या आईंनाही भेटेन’ हा नाशिकच्या मुलासाठीचा निरोप साताऱ्याच्या मुलाला जातो.

व्हॉट्सॲपवर मजकूर 15 मिनिटांत बदलता येतो. सर्वांसाठी पुसायला 2 दिवसांहून थोडा अधिक वेळ मिळतो. पण पुसल्याची नोंद तिथे उरतेच. घाईत ‘फक्त माझ्यासाठी’ पुसला, तर समोरच्याकडे तो तसाच राहतो!

निळ्या खुणा दिसल्या, की पुसापुशी नकोच. लगेच लिहावं: “हा निरोप दुसऱ्यासाठी होता, माफ करा. मी आणखी एका स्थळाशी बोलते आहे. तुम्हाला चालणार असेल, तर आपण बोलत राहू.” त्या दुसऱ्याचं नावगाव मात्र सांगू नये.