रात्रीच्या सवयीची एक स्लाइड



फोनवर बोटाने एकामागून एक सरकवत बघायची चित्रांची मालिका तुमच्या चांगलीच ओळखीची असेल. तिला कॅरोसेल म्हणतात. इन्स्टाग्रामवर २०१७ साली ही सोय आली तेव्हा एका मालिकेत १० चित्रं टाकता यायची, २०२४ पासून २० टाकता येतात. आता कंपन्यांचे मनुष्यबळ विभाग, कामगार संघटना, पतसंस्था, सगळेच आपल्या माणसांसाठी अशा मालिका करू लागले आहेत आणि त्यात ‘झोपेच्या सवयी’ हा विषय हमखास असतो. पहिल्या चित्रात चंद्र, ढग आणि पांढऱ्याशुभ्र उशीवर निजलेली कुणीतरी. पुढच्या चित्रांत स्क्रीन टाळा, चहा टाळा, ताण टाळा. वाचणारा मान डोलावतो आणि त्याच स्क्रीनवर पुढचा व्हिडिओ लावतो.

नोकरी करणाऱ्या माणसाला खरोखर उपयोगी पडेल अशी मालिका कशी करायची, ते आज सांगतो. तुम्ही स्वतः अशी मालिका करणार नसलात तरी समोर आलेली मालिका पारखायला त्याचा उपयोग होईल.

सुरुवात चित्रांपासून करायची नाही. आधी एक माणूस आणि त्याची एक संध्याकाळ डोळ्यांसमोर आणायची. समजा, डोंबिवलीला राहणाऱ्या आणि फोर्टात नोकरी करणाऱ्या एक बाई आहेत. साडेसहाला ऑफिस सुटतं, सीएसएमटीहून फास्ट लोकल, घरी पोचेपर्यंत सव्वाआठ. जेवणं साडेनऊला. भांडी, ओटा, उद्याच्या भाजीची निवडानिवड होईस्तोवर साडेदहा. मग त्या पलंगावर टेकतात, फोन हातात घेतात आणि बारा वाजतात. सकाळी साडेपाचला गजर.

आता या संध्याकाळीत आपली सूचना कुठे बसते? ‘सातनंतर चहा नको’ म्हणावं तर सात वाजता बाई गाडीत उभ्या आहेत. ‘झोपण्यापूर्वी तासभर स्वतःसाठी ठेवा’ म्हणावं तर तो तास त्यांनी ठेवलेलाच आहे, साडेदहा ते बारा. दिवसभरातला तेवढाच वेळ त्यांचा स्वतःचा, आणि नेमका तोच सोडा असं आपण सांगतो आहोत. हे ज्याच्या ध्यानात येत नाही त्याने मालिका करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जागा शोधायची ती ओटा पुसणं आणि पलंगावर टेकणं यांच्या मधली. तिथे दोन-तीन मिनिटं मिळतात. सूचना तेवढीच मोठी हवी.

म्हणून सूचना घड्याळाला बांधायची नाही, रोजच्या कामाला बांधायची. ‘रात्री साडेदहा वाजता’ असं लिहिलं आणि गाडी अर्धा तास रखडली की सगळंच कोलमडतं. ‘ओटा पुसून झाला की’ असं लिहिलं तर गाडी कितीही उशिरा येवो, ओटा पुसायचा राहत नाही. ज्या घरात ओटा पुरुष पुसतो तिथेही हे लागू पडतं. एकटा राहणारा, खानावळीत जेवणारा मुलगा असेल, तर त्याच्यासाठी ‘दाराला कडी लावली की’.

पहिली सूचना फोनची घेऊ. ती या शब्दांत लिहा: ‘ओटा पुसून झाला की फोन चार्जिंगला लावा, पलंगापासून हात पोचणार नाही अशा जागी.’ बस. यात फोन बंद करा असं म्हटलेलं नाही, वाईट आहे असंही नाही. मात्र ही एवढी सूचनाही प्रत्यक्ष घरात अडते. पहिली अडचण गजराची, कारण गजर फोनवरच असतो. फोन सहा-सात फुटांवर असला तरी गजर ऐकू येतो, उलट बंद करायला उठावंच लागतं, हे त्याच चित्रात एका ओळीत सांगावं. दुसरी अडचण गावाकडच्या आईवडिलांची. रात्री-अपरात्री फोन आला तर? म्हणून ‘रिंग चालू ठेवा’ हे शब्द हवेतच, नाहीतर काळजीपोटी फोन पुन्हा उशीखाली येतो. तिसरी अडचण बटणाच्या बोर्डाची. वन रूम किचनमध्ये मोकळा सॉकेट पलंगाशेजारीच असतो आणि चार्जरची वायर जेमतेम हातभर. अशा घरात फोन चार्जिंगला लावायची जागा स्वयंपाकघर, मिक्सरच्या शेजारी. चित्र काढायचं तर तेच काढा: ओटा, मिक्सर, त्याच्या सॉकेटला लावलेला फोन. परदेशी शयनगृहाचा फोटो कशाला हवा?

आणि ही सूचना जमली की नाही, हे कळायचं कसं? सकाळी उठल्यावर फोन कुठे होता, एवढंच पाहायचं. हो किंवा नाही. प्रत्येक चित्राला ही कसोटी लावा. ‘मन शांत ठेवा’ ही सूचना या कसोटीत नापास होते, कारण ते झालं की नाही हे कुणालाच सांगता येत नाही.

एका चित्रात एकच बदल का? याचं कारण फोनवर चित्रं कशी फिरतात त्यात आहे. आपण दहा चित्रं ओळीने लावतो, पण व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर त्यातलं एकच पुढे जातं. मावशी चौथं चित्र पाठवते, पहिलं आणि शेवटचं कुणी पाहतच नाही. इन्स्टाग्रामही पहिल्या चित्रावर थांबून पुढे गेलेल्या माणसाला कधी कधी तीच मालिका दुसऱ्या चित्रापासून दाखवतं. म्हणजे प्रत्येक चित्र एकटं पडणार, हे धरूनच लिहायचं. ‘वर सांगितल्याप्रमाणे’ असे शब्द नकोत. डॉक्टरांविषयीची ओळही शेवटच्या चित्रात एकदाच देऊन भागत नाही, ती प्रत्येक चित्राच्या तळाशी हवी: ‘ही सर्वसाधारण सूचना आहे. झोपेची तक्रार असेल तर डॉक्टरांशी बोला.’

आता औषधी दाव्यांचं. आपल्याकडे २०२३च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने आरोग्याविषयी बोलणाऱ्या प्रसिद्ध व्यक्ती आणि समाजमाध्यमांवरच्या मंडळींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. आरोग्यतज्ज्ञ म्हणून बोलत असाल तर शिक्षण आणि पात्रता उघड सांगा, असा त्यांचा रोख आहे. भरपूर पाणी प्या, नियमित व्यायाम करा, पुरेशी झोप घ्या, स्क्रीनसमोरचा वेळ कमी करा, अशा सर्वसाधारण सल्ल्याला मात्र सूट आहे. अट अशी, की तो सल्ला एखाद्या ठरावीक वस्तूशी वा सेवेशी जोडलेला नसावा आणि एखाद्या आजारावर किंवा परिणामावर बेतलेला नसावा. मालिका करणाऱ्याने ही अट भिंतीवर चिकटवून ठेवावी. गादी विकणाऱ्या दुकानाने मालिका केली आणि शेवटी गादीचा फोटो लावला, की ती सर्वसाधारण राहत नाही, जाहिरात होते.

दावा शिरतो तो बहुतेक वेळा वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्यात. ‘फोन लांब ठेवा, म्हणजे गाढ झोप लागेल.’ स्वल्पविराम आला की सावध व्हायचं. पहिला अर्धा भाग कृती आहे, दुसरा वचन आहे आणि ते वचन पाळणं आपल्या हातात नाही. एखाद्याला खरोखर विकार असेल, तर फोन स्वयंपाकघरात ठेवून तो जाणार नाही, आणि वर ‘सांगितलेलं करूनही मला झोप येत नाही’ ही नवी काळजी लागते. तेव्हा ‘म्हणजे’, ‘ज्यामुळे’, ‘त्याने’ या शब्दांपासून पुढचं सगळं खोडा. किती तास झोपावं तेही लिहू नका, ते सांगायचा अधिकार डॉक्टरांचा. उरलेलं वाक्य थोडं उघडंबोडकं वाटेल. वाटू द्या.

दुसरी मला महत्त्वाची वाटणारी सूचना कागदाची आहे. ‘उद्याची तीन कामं कागदावर लिहा आणि कागद पर्समध्ये किंवा डब्याच्या पिशवीत टाका.’ यातला दुसरा भाग लोक गाळतात आणि तिथेच ती फसते. कागद उशाशी राहिला तर तो रात्रभर वाचला जातो. पिशवीत गेला की तो उद्याचा झाला. आपल्या डोंबिवलीच्या बाईंचा कागद असा असेल: पास संपतोय, मुलाची फी, साहेबांना फाइल. तीनपेक्षा जास्त ओळी नकोत, नाहीतर महिन्याची यादी तयार होते. फोनवर लिहायचं नाही, कारण फोन आता मिक्सरशेजारी आहे. या दोन सूचना एकमेकींना धरून आहेत, पण चित्रांत मात्र तसा उल्लेख करायचा नाही.

बाकीच्या सूचना लवकर आटपतात. एक चित्र उजेडाचं: ‘जेवणं झाली की ट्यूबलाइट बंद, छोटा दिवा चालू.’ घरात मुलांचा अभ्यास चालू असेल तर ही सूचना बाद, आणि तसं त्याच चित्रात लिहावं. एक चित्र चहाचं: ‘घरी आल्यावरचा चहा अर्धा कप.’ चहा सोडा असं मराठी घरात सांगणाऱ्याचं कुणी ऐकत नाही, अर्धा करा म्हटलं तर निदान भांडं तरी लहान निघतं. एक चित्र कपड्यांचं: उद्याचे इस्त्रीचे कपडे खुर्चीवर. एवढं पुरे. पहिलं चित्र धरून सहा झाली. वीस टाकता येतात म्हणून वीस टाकायची नसतात.

अक्षरांकडे लक्ष द्या. १०८० पिक्सेल रुंदीचं चित्र फोनवर जेमतेम ७ सेंटीमीटरमध्ये मावतं. त्यात ४० पिक्सेलचं अक्षर अडीच मिलिमीटरच्या आसपास येतं आणि त्यातच वरच्या मात्रा नि खालचे उकार बसवायचे असतात. सूचनेची ओळ याच्या दुप्पट तरी मोठी ठेवा. दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त हवं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो. पार्श्वभूमी गडद ठेवली तर अंधाऱ्या खोलीत चित्र डोळ्यांवर येत नाही.

आणि मालिका टाकायची कधी? रात्री साडेदहाला ‘फोन लांब ठेवा’ असं चित्र फोनवर पाठवणारे महाभाग आहेत. संध्याकाळी साडेसहा ते आठ ही वेळ बरी, बाई गाडीत असतात तेव्हा. एका संध्याकाळी सगळी मालिका एकदम टाकण्यापेक्षा आठवड्याला एक चित्र टाकलं तर फोन मिक्सरशेजारी स्थिरावायला सवड मिळते.

रात्रपाळीच्या माणसांना ही मालिका जशीच्या तशी पाठवू नका. चाकणच्या कारखान्यातून सकाळी साडेसातला घरी येणाऱ्या माणसाला ‘संध्याकाळचा चहा’ आणि ‘ट्यूबलाइट’ यांचा काय उपयोग? त्याच्या दिवसाची साखळी वेगळी असते: बस, अंघोळ, नाश्ता, पडदे. त्याचं पहिलं चित्र असं असेल: ‘अंघोळीला जाताना फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा आणि घरच्यांना सांगा, बेल वाजली तर दार तुम्ही उघडा.’ तो एकटा राहत असेल तर सूचनेचा उत्तरार्ध बदलावा लागतो: ‘कुरियरवाल्याला पार्सल शेजारी द्यायला सांगा.’ हे शब्द ऑफिसात बसून सुचत नाहीत, पाळी सुटताना गेटवर दोन-चार जणांशी बोललं की मिळतात.