चार पाणी, एक विहीर

सातवीच्या मुलांना आकलनासाठी मी एक छोटा उतारा लिहून दिला होता. तोच आधी ऐका.

'आप्पांनी ओढ्याकाठच्या वावरावर पाणी सोडलं. तेव्हापासून ते धाकटा भाऊच कसतो. रक्ताचं पाणी करून त्यानं तिथं डाळिंबाची बाग उभी केली. यंदा चैत्रातच विहिरीचं पाणी आटलं, तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं.'

खाली प्रश्न होता : आप्पांनी धाकट्या भावासाठी काय केलं? वर्गातल्या एका मुलीनं लिहिलं, 'आप्पांनी भावाच्या शेताला पाणी दिलं.' शेतकऱ्याच्या घरातली मुलगी. पहाटे वीज आली की तिचे वडील मोटार चालू करून पाणी सोडायला जातात, हे ती रोज पाहते. 'डोळे पांढरे झाले' असं वाचलं तर मूल निदान थबकतं, कारण शब्दशः अर्थ विचित्र लागतो. इथं मात्र वावर आहे, पाणी आहे, सोडणंही आहे. शब्दशः अर्थ इतका बेमालूम बसतो, की आपण चुकलो हे कळायला जागाच उरत नाही.

मी तिला म्हटलं, 'बाळा, पुढचं वाक्य वाच.' 'तेव्हापासून ते धाकटा भाऊच कसतो.' एकदा पाणी दिल्यानं जमीन कसणारा माणूस बदलतो का? ती थांबली. दोन वाक्यांचा सांधा जुळत नव्हता. अर्थ चुकल्याची पहिली खूण बहुतेक वेळा अशी पुढच्या वाक्यात सापडते.

मग मी तिला दानाची रीत सांगितली. दान देताना हातावरून पाणी सोडतात. ते पाणी खाली पडलं, की त्या वस्तूवरचा आपला हक्क संपला. त्यावरून एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणं म्हणजे तिच्यावरचा हक्क सोडणं. तुळशीपत्र ठेवणं हा त्याचाच सख्खा भाऊ. आप्पांनी वावरावर तुळशीपत्र ठेवलं असं म्हणून पाहिलं, तरी पुढचं वाक्य नीट चालतं. म्हणजे अर्थ लागला.

आता शब्दाला काय जोडलंय तिकडे बघा. वावराला पाणी सोडलं, वाफ्यात पाणी सोडलं, धरणातून पाणी सोडलं, ही सगळी खरीखुरी पाण्याची वाक्यं. 'वर' आला, की कान टवकारायचे : नोकरीवर पाणी सोडलं, बुडालेल्या उसनवारीवर पाणी सोडलं. पण नुसत्या 'वर'च्या भरवशावरही राहता येत नाही. रोपांवर झारीनं पाणी सोडलं, यात रोपं खरंच भिजतात. 'वर' संशय घ्यायला लावतो, निकाल संदर्भच देतो. क्रियापदही सोडून चालत नाही. वावरावर पाणी सोडलं यात सोडणारा माणूस आहे, त्याची मर्जी आहे. कष्टांवर पाणी पडलं यात कुणाचीच मर्जी नाही, नुसतं नुकसान आहे. 'पाणी सोडणे म्हणजे त्याग करणे' एवढंच घोकलेल्या मुलांच्या हातून हा फरक निसटतो. हीच मुलं मग धरणानं कसला त्याग केला, असंही विचारतात. चूक त्यांची नाही. आपण त्यांना अर्थांच्या याद्या दिल्या, वाक्यं दिली नाहीत.

उरलेल्या पाण्यांसाठी मी वर्गात एक साधा खेळ केला. 'पाणी' या शब्दाआधी एखादं विशेषण घालून बघायचं. विहिरीचं गढूळ पाणी आटलं. चाललं. तोंडचं गार पाणी पळालं. सगळा वर्ग हसला. रक्ताचं थोडंसं पाणी केलं. तेही मोडलं. वाक्प्रचारातले शब्द एकमेकांना घट्ट धरून असतात, मध्ये पाहुणा घेत नाहीत. खऱ्या पाण्याला मात्र गढूळ, खारं, गुडघाभर, काहीही चालतं. अर्थात सगळ्याच वाक्प्रचारांचे सांधे इतके पक्के नसतात, म्हणून हा खेळ पुढच्या-मागच्या वाक्यांच्या जोडीनंच खेळायचा.

आणि काही वाक्यं एकटी असली तर सुटतच नाहीत. 'गावच्या पोरांनी पाहुण्यांना पाणी पाजलं.' लग्नातली पोरं असतील तर तांब्या-पेला आणि कौतुक. कबड्डीचं मैदान असेल तर पाहुण्यांचा सपशेल पराभव. आधी मांडव दिसला होता की मैदान, हे मागं जाऊन पाहावंच लागतं.

तास संपत आला, तेव्हा त्याच मुलीनं हात वर केला. म्हणाली, 'बाई, मग विहिरीचं पाणी आटलं म्हणजे त्यांच्या घरातले पैसे संपले का?' तीन ठिकाणी पाणी पाणी नव्हतं, म्हणून चौथ्याही ठिकाणी नसणार, असा तिचा हिशेब. मी म्हटलं, महिना कोणता दिलाय बघ. तिनं बोट ठेवलं : चैत्र. आणि बाग कसली? डाळिंबाची. मग ती स्वतःच म्हणाली, 'आमचीपण विहीर गेल्या साली चैत्रातच आटली होती.' आणि खाली बसून तिनं पहिलं उत्तर खोडलं.